मार्चअखेरीला रजा नामंजूर, परत अर्ज करावा का?

लेखालिपिक: तालुक्याच्या सरकारी ऑफिसात बिलांचं टेबल आहे माझ्याकडे. १९ मार्चला आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, १७ पासून १६ दिवस अर्जित रजा मागितली तर "कामाची निकड" एवढंच लिहून अर्ज परत. घरी दुसरं कोणी नाही. फेरविचाराचा अर्ज द्यायचाय, शेजारच्या टेबलवाल्या ताई काम बघतील, त्यांना लॉगिन देऊन जातो असं लिहू का?

रांगडा: विनंती कसली करताय? रजा शिल्लक आहे ना मग ती हक्काची, नाकारूच शकत नाहीत. आरटीआय टाका.

जुनी आस्थापना: रांगडाभाऊ, अर्धंच बरोबर. १९८१ च्या रजा नियमांत नियम १० सरळ सांगतो की रजा हक्क म्हणून मागता येत नाही. साहेब नाकारू शकतात, पण तुम्ही लेखी मागितल्याशिवाय रजेचा प्रकार बदलू शकत नाहीत. मी आस्थापनेवर बरीच वर्षं काढली, आईचं आजारपण कोणी खोटं म्हणत नाही हो, अडतं ते ३१ मार्चला अनुदान लॅप्स झालं तर जबाब कोण देणार इथं. म्हणून मागणीच बदला, १७ ते २२ असे सहाच दिवस आत्ता मागा आणि उरलेले दहा २ एप्रिलपासून. कुठली बिलं १६ तारखेपर्यंत कोषागारात जातील आणि कुठली मागे राहतील ते नावानिशी लिहा, डॉक्टरांचं तारखेचं पत्र जोडा. आणि लॉगिनचं वाक्य आधी खोडा! उद्या चुकीचं बिल गेलं तर तुमच्याच नावावर. ताईंची लेखी संमती लावून "माझा कार्यभार त्यांच्याकडे सोपवण्याचा आदेश व्हावा" असं मागा.

पुणेरी_आयटी: आमच्याकडे मॅनेजरला मेल टाकला की झालं, मी तर लॅपटॉप घेऊन हॉस्पिटलमध्येच बसलो होतो. वर्क फ्रॉम होम का नाही मागत?

लेखालिपिक: दादा आमच्याकडे फाइल कागदाची, शिक्का लागतो 😄

दुसऱ्या_टेबलची: मला हे पटत नाही. संमती म्हणे! साहेबांसमोर विचारल्यावर कोणती बाई नाही म्हणेल? मागच्या मार्चला माझ्यावर असंच टेबल आलं, रात्री नऊपर्यंत बसले, आणि आक्षेप लागून परत आलेल्या बिलांचा खुलासा मीच दिला. आई सगळ्यांनाच आहे. ऑपरेशन १५ दिवस पुढं जातं का ते आधी विचारा की डॉक्टरांना.

रांगडा: मग सरळ मेडिकल टाकून बसा घरी, विषय संपला.

जुनी आस्थापना: आणि मेडिकल बोर्डाकडे तपासणीला पाठवलं की? रजा नाकारल्यावर लगेच आजारी पडलेला माणूस सगळ्यांना दिसतो. ताई, तुमचा मुद्दा मात्र मान्य. म्हणूनच मागे राहणाऱ्या बिलांची यादी हवी, जे आदेशात नाही त्याचा खुलासा तुमच्याकडे मागता येऊ नये.

दुसऱ्या_टेबलची: आदेश निघतो कुठं, तोंडीच सांगतात सगळं.

लेखालिपिक: डॉक्टरांना विचारलं, २ एप्रिलची तारीख मिळू शकते म्हणतात पण आईने मनाची तयारी केलीय १९ ची. आज सहा दिवसांचाच अर्ज लिहितोय, ताईंशी मात्र साहेबांच्या आधी मीच घरी जाऊन बोलतो.