'कॉम्प्रेशन रेशो'ला 'दाबाचे गुणोत्तर' म्हणावे का?

फोंड्याची_अनुवादक
आयटीआयच्या मुलांसाठी इंजिनांवरची टिपणं मराठीत आणतेय. पेट्रोल-डिझेलच्या तक्त्यात 'कॉम्प्रेशन रेशो'समोर मी 'दाबाचे गुणोत्तर' लिहिलं: पेट्रोल 9 ते 12, डिझेल 15 ते 20. वर्कशॉपच्या निदेशकांनी त्यावर लाल रेघ ओढली. "हा दाब नव्हे" एवढंच म्हणाले आणि जेवायला गेले. गॅरेजमधला कॉम्प्रेशन गेज दाबच दाखवतो ना? मग चुकलं कुठे? आणि इंजिनांना 'ठिणगी-प्रज्वलन' आणि 'दाब-प्रज्वलन' म्हटलं तर चालेल का?

शुद्धमराठी
'संपीडन' हा परिभाषेतला शब्द असताना 'दाब' कशाला? संपीडन गुणोत्तर. विषय संपला.

बार्जवरचा_काका
विषय आता कुठे सुरू झालाय. ताई, निदेशकांचं बरोबर आहे. पिस्टन तळाशी असताना त्याच्या वर जेवढी जागा असते, तिला तो माथ्यावर गेल्यावर उरलेल्या जागेने भागायचं, एवढाच तो आकडा. 125 सीसीची बाइक घ्या. पिस्टन वर गेला की हेडखाली 14 सीसीच्या आसपास जागा उरते. 139 भागिले 14, म्हणजे जवळपास 10. दाब मात्र दहापट होत नाही, कारण हवा दाबताना तापतेही. उष्णता कुठेच गळत नाही असं धरलं तर दाब पंचवीसपट होतो. डिझेलचं 18 घेतलं तर कागदावर सत्तावनपट. तक्त्यातले तुमचे आकडे जागेचे आहेत आणि शब्द दाबाचा.

कुळागरी
माझा अनुभव वेगळा आहे. सत्तरीत आमच्या कुळागरात हँडल मारायचा डिझेल पंप आहे. यंदा पावसानंतर सुरू व्हायचं नाव घेईना. लिव्हर उचलून गरागरा फिरवायचा, वेग आला की लिव्हर सोडायची, की फुस्स करून पांढरा धूर. मिस्त्री म्हणाला, कॉम्प्रेशन गेलंय. म्हणजे 17 चं 12 झालं असणार. आकडा दाबाचाच झाला की!

बार्जवरचा_काका
नाही रे बाबा, तुझं 17 आहे तिथेच आहे. सिलिंडर, पिस्टन आणि हेड बदलले नाहीत तर जागा कशी बदलेल? तुझ्या रिंगा झिजल्या असाव्यात. दाबलेली हवा पिस्टनच्या कडेने खाली निसटते आणि उरलेली पुरेशी तापत नाही. त्यात हँडलचा वेग कमी, म्हणजे हवेला गळायला आणि गार भिंतींना उष्णता द्यायला वेळ जास्त. नोझल डिझेल फवारतं, ते पेटत नाही, नुसतं वाफ होऊन बाहेर पडतं. तो पांढरा धूर हाच. हुंगून बघ, कच्च्या डिझेलचा वास येईल.

खात्री करायची असेल तर नोझल काढ, गेज लावून फिरव, आकडा लिहून ठेव. मग भोकातून छोटा चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा फिरव. दाब चढला तर दोष रिंगांचा, कारण तेलाने फट बुजली. तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह नाहीतर गॅस्केट बघ. ऑइल जास्त ओतू नकोस, द्रव दाबला जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकेल.

फोंड्याची_अनुवादक
म्हणजे 'कॉम्प्रेशन' हा इंजिनाच्या तब्येतीचा शब्द आणि 'कॉम्प्रेशन रेशो' त्याच्या बांध्याचा. मग 'दाब-प्रज्वलन'ही गेलं?

बार्जवरचा_काका
माझ्या मते गेलं. डिझेल पेटतं ते उष्णतेने. 30 अंशांची हवा 18 पट आकसली तर कागदावर ती 690 अंशांच्या घरात जाते. प्रत्यक्षात बरीच कमी, तरी डिझेल पेटायला पुरून उरते. तुझ्या शब्दाने पोरांना वाटेल दाबानेच पेट घेतो.

शुद्धमराठी
म्हणूनच संपीडन-प्रज्वलन!

म्हापसा_बायकर
संपीडन ऐकलं की मला फक्त पीडा आठवते. आमचे आजोबा प्लगला 'वेला' म्हणायचे, पोर्तुगीजमध्ये वेला म्हणजे मेणबत्ती. 'वेला-इंजिन' लिहा आणि मोकळे व्हा.

रायबंदर_फेरी
शब्दांचं राहू द्या. डिझेल गाडी ॲव्हरेज जास्त देते कारण डिझेलची सायकलच श्रेष्ठ आहे. रेशो मोठा ठेवतात तो फक्त प्लग नाही म्हणून.

बार्जवरचा_काका
अर्धं बरोबर. दोघांनाही 18 दिलं तर कागदावर पेट्रोलची सायकल पुढे जाते: तिला उष्णतेच्या 68 टक्के काम मिळतं, डिझेलला 63 च्या आसपास, तेही जळण चालू असताना जागा दुप्पट होते असं धरून. पेट्रोलमध्ये जवळजवळ सगळी उष्णता पिस्टन माथ्याशी असतानाच मिळते, म्हणून तिला पूर्ण फैलावता येतं. डिझेलमध्ये पिस्टन खाली निघाल्यावरही जळत राहतं, आणि उशिरा जळलेल्याच्या वाट्याला फैलाव कमी येतो.

पण पेट्रोलला 18 द्यायचं कसं? तिथे हवेबरोबर इंधनही दाबलं जातं. डिझेलमध्ये नुसती हवा, आधी पेटायला आत काही नसतंच. म्हणून ते 18 पर्यंत जातं आणि 10 वर अडकलेल्या पेट्रोलला मागे टाकतं. शिवाय वेग कमी ठेवताना त्याला थ्रॉटलमधून हवा ओढत बसावं लागत नाही. पेट्रोलला रेशोची वरून मर्यादा आहे, डिझेलला खालून.

म्हापसा_बायकर
हे मी भोगलंय. पिकअप वाढेल म्हणून एका गॅरेजवाल्याने माझ्या 125 चं हेड घासून दिलं. आठवडाभर मजा. मग चोर्ला घाटात तिसऱ्या गिअरवर ॲक्सिलरेटर पिळला की डब्यात खडे वाजल्यासारखा आवाज.

बार्जवरचा_काका
हेडखालच्या 14 सीसीतले दोन सीसी जरी गेले, तरी 137 भागिले 12, म्हणजे साडेअकराच्या जवळ. ठिणगी पडून ज्वाळा पसरते तेव्हा तिच्या पुढचं न जळलेलं मिश्रण कोपऱ्यात चेपलं जातं, तापतं आणि ज्वाळा पोचायच्या आत एकदम पेटतं. तेच तुझे खडे. लोड जास्त आणि आरपीएम कमी असताना त्याला वेळ मिळतो, म्हणून घाटात वाजतं, सपाटीवर नाही. खालच्या गिअरवर घेतलं की थांबतं का?

म्हापसा_बायकर
थांबतं, बरोब्बर. पण मग डिझेल तर दिवसभर खडखडतं, त्याचं कोण काय म्हणतं?

बार्जवरचा_काका
तिथे कारण उलटं. फवारलेलं डिझेल लगेच न पेटता थोडं साठतं आणि मग एकदम पेटतं. उपायही उलटा: हवा जास्त तापवायची. रेशो वाढवला की पेट्रोल जास्त खडखडतं, डिझेल कमी.

शुद्धमराठी
दोन उलट गोष्टींना एकच 'नॉकिंग' म्हणणाऱ्या भाषेकडून आपण शब्द उसने घेतोय. मराठीत दोन वेगळे शब्द हवेत. 'पूर्वस्फोट' आणि 'विलंबस्फोट'.

बार्जवरचा_काका
'पूर्वस्फोट' नको. ठिणगीच्याही आधी, लाल झालेल्या कार्बनने मिश्रण पेटतं तो वेगळा रोग आहे, त्याच्याशी घोळ होईल.

रायबंदर_फेरी
मग 2012 च्या सुमारास माझदाने पेट्रोल आणि डिझेल दोन्ही 14 वर आणली ती कशी? तुमच्या हिशेबात बसत नाही.

बार्जवरचा_काका
बसतं. पेट्रोल वर चढवताना त्यांनी लांब एक्झॉस्ट पाइपांनी सिलिंडरमधला गरम जळका वायू जास्त बाहेर काढला, म्हणजे नवं मिश्रण कमी तापतं. डिझेल खाली आणताना थंडीत सुरू व्हायची पंचाईत, तिथे ग्लो प्लग आणि गरम जळका वायू थोडा परत आत. एकाला गारवा, दुसऱ्याला ऊब. डिझेल खाली का आणलं? माथ्यावरचा दाब उतरतो, भाग हलके करता येतात आणि नायट्रोजनचे ऑक्साइडही कमी होतात.

कुळागरी
काका, ऑइल सोडून बघितलं. दाब चढला. रिंगा बदलायच्या तर लायनरही बदलावा का? मिस्त्री म्हणतो दोन्ही.

बार्जवरचा_काका
लायनरच्या वरच्या टोकाला नख फिरव. पायरीसारखी कड लागली तर दोन्ही. पण त्याआधी मोजून घे, मिस्त्रीच्या शब्दावर जाऊ नकोस.

म्हापसा_बायकर
आणि माझ्या बाइकला? महागातलं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घातलं तर खडे थांबतील का, की हेडच बदलू?

शुद्धमराठी
'ऑक्टेन'ला मराठीत कुणी काही सुचवलंय का?