बांगड्या, रक्षा, बारावा: घरात वाद झाला तेव्हा तुमच्याकडं कसं मिटलं?

पेठेतली लेक
वडील पहाटे चारला गेले आणि सातला सोप्यात भांडण सुरू झालं. आईच्या बांगड्या कधी आणि कोण फोडणार यावरून. थोरल्या काकू म्हणाल्या, उचलायच्या आत व्हायला पाहिजे. मी म्हटलं, होणारच नाही. मामा मधला मार्ग काढत होते, निदान जोडवी तरी काढा. आई खाली मान घालून बसलेली, तिला कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही, हे आता खुपतंय.

शेवटी धाकटी आत्या तिला आतल्या खोलीत घेऊन गेली आणि दार लावलं. दहा मिनिटांनी येऊन म्हणाली, "वहिनी हिरव्या काढणार, पण आपल्या हातानं. कुंकू राहणार. मंगळसूत्राचं आज काही बोलायचं नाही." मग आईनं मोरीत बसून साबण लावून एकेक बांगडी उतरवली. गेलेल्याची सख्खी बहीणच बोलल्यावर काकू गप्प बसल्या. मी हेच सांगितलं असतं तर शिकलेली म्हणून उडवून लावलं असतं.

तुमच्याकडं काय झालं, कुणाच्या शब्दानं मिटलं, ते लिहा.

शिरोळकर
सरळ पोलिसांत जायचं. आमच्या तालुक्यातल्या हेरवाडनं ठराव केला आणि सरकारनं कायदा केला. बांगड्या फोडल्या की गुन्हा.

निवृत्त ग्रामसेवक
कायदा नव्हे, दादा. मे २०२२ मध्ये हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला की कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याच महिन्यात ग्रामविकास खात्याचं परिपत्रक निघालं, बाकीच्या गावांनीही असं करावं म्हणून. त्यानं कुणाला शिक्षा होत नाही. दारात माणूस ठेवलेलं असताना पोलीस बोलावलेत तर पुढची दहा वर्षं भावकीत बोलणं बंद. ठरावाचा उपयोग वेगळाच आहे. सुनेला "मला नको" म्हणता येत नाही, पण "गावानं ठरवलंय" म्हणता येतं.

मी जेवढी भांडणं बघितली, त्यात सगळे विषय एकाच वेळी निघालेले. तिरडी बांधायच्या आत बाराव्याच्या जेवणावर वाद! त्या दिवशी ठरवायचं असतं फक्त दहन की दफन, अग्नी कोण देणार आणि बाईच्या अंगावरचं काय. रक्षेला तिसऱ्या दिवसापर्यंत वेळ असतो. मुंडण, दहाव्याचे पिंड, बाराव्याची पंगत त्याच्याही पुढं. एका घरी थोरला मुलगा प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचा, "ते रक्षाविसर्जन झाल्यावर बसून." चौथ्या दिवशी बसले तेव्हा निम्मे पाहुणे आपापल्या गावी गेलेले. राहिले पाच जण, ज्यांना खर्च करायचा होता तेवढेच. अर्ध्या तासात पंगत घरच्यांपुरती ठरली.

पण थोरलाच तापट असला तर हे चालत नाही, तेही बघितलंय.

उपनगरवाला
कोल्हापुरात पंचगंगेवरच्या स्मशानात लाकडाचे किती पडतात? चुलते फार आजारी आहेत.

निवृत्त ग्रामसेवक
विषय वेगळा आहे, तरी सांगतो. तिथं महापालिका दहनाचे पैसे घेत नाही. शेणी वापरतात. होळीला लोक शेणी दान करतात त्या तिथंच जातात.

गडहिंग्लजची सून
आमच्यात रक्षेवरून. सासऱ्यांनी सांगून ठेवलेलं की नदीत टाकू नका, बांधावर आंबा लावा. पण तोंडी, आणि ऐकलेलं फक्त माझ्या नवऱ्यानं. चुलत सासरे म्हणाले, पाण्यात सोडल्याशिवाय मुक्ती नाही. मग मूठभर नदीत, बाकी खड्ड्यात. दोघंही नाराज! दहाव्याला कावळा तासभर शिवला नाही, तर चुलत सासरे सगळ्यांसमोर म्हणाले, "आंब्यात अडकलाय." शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. आंबा जगलाय, पण ते अजून त्या बांधावर पाय ठेवत नाहीत.

जयसिंगपूरचा
आम्ही लिंगायत, बायको मराठा. आमच्यात दफन करतात, सुतक पाळत नाहीत. वडील गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं तर सासुरवाडीचे रुसले. मी माझ्या रीतीनं बरोबर होतो, पण आधी एक फोन करायला हवा होता.

कागलची आजी (नातू टाईप करतोय)
माझे मालक गेले तेव्हा मला बांगड्या फोडायच्या होत्या. माझ्या आईनं फोडल्या, सासूनं फोडल्या. पुतण्यांनी हात धरले, म्हणाले काकी, आता असलं काही करायचं नाही. चांगल्या मनानं केलं पोरांनी. पण मला इचारलं कुणी? बाराव्याच्या रात्री परसात जाऊन एकटीनंच दगडावर फोडल्या.

पेठेतली लेक
आजी, तुमचं वाचून आईजवळ जाऊन बसले. मंगळसूत्र अजून देव्हाऱ्याखालच्या डब्यात आहे. काकू वर्षश्राद्धाला येतील तेव्हा विषय निघणारच. "काय करायचं गं त्याचं?" विचारलं तर म्हणाली, "अजून मलाच माहीत नाही, तू घाई करू नको."