मदत हवी आहे: हॉटेलात धूर झाला तर कॉरिडॉरमधून बाहेर कसं पडायचं?

रेवा_नाशिक: पुढच्या महिन्यात आईला घेऊन दिल्लीला जायचंय, करोल बागेत हॉटेल बघतेय आणि तिथल्याच अर्पित पॅलेसच्या २०१९ च्या आगीचं वाचलं, पहाटे लागली होती, १७ जण गेले. दारं मोजून ठेवा म्हणतात, पण नेमकी कशी? आईचे गुडघे दुखतात, रांगणं जमणार नाही.

सदू_पुणेकर: सोप्पंय, ओला रुमाल नाकाला बांधायचा आणि गच्चीवर पळायचं.

निवृत्त_फायरवाला: सदूभाऊ, ओल्या रुमालाने काजळी थोडी अडते, कार्बन मोनॉक्साइड नाही, आणि माणूस त्यानेच बेशुद्ध पडतो. गच्चीचं तर डोक्यातून काढाच, धूर जिन्यातून वरच चढतो आणि वरचं दार बऱ्याचदा कुलपात असतं.

रेवाताई, सामान टाकलं की आधी जिन्यापर्यंत चालत जा आणि दार ढकलून बघा, उघडतं का, पलीकडे गाद्या नि खोकी रचलीत का. मोजायचं ते ज्या भिंतीत जिना आहे त्याच भिंतीवरचं. समजा तुम्ही बाहेर पडून उजवीकडे वळलात, जिना डाव्या हाताला आणि मध्ये पाच दारं, तर धुरात डावा हात भिंतीवर ठेवून पाच दारं चाचपायची, सहावं जिन्याचं. मध्ये लिफ्ट असेल तर तीही धरा, नाहीतर हिशोब चुकतो. दुसऱ्या टोकाचा जिनापण असाच मोजा.

मंदार_ठाणे: आमच्या हॉटेलात दाराची कडीच ढिली होती, मी रात्रभर खुर्ची लावून झोपलो. तुम्हीपण लावा.

निवृत्त_फायरवाला: मंदार, ते चोरासाठी ठीक, इथे तीच खुर्ची अंधारात पायात येईल. किल्ली किंवा कार्ड मात्र उशाशी ठेवा आणि निघताना सोबत घ्या, कारण दार मागे लॉक होतं आणि परतायची वेळ आली तर आत जाता येत नाही.

अलार्म झाला की हाताची मागची बाजू दाराला लावा. गरम लागलं तर उघडू नका. थंड असेल तर फट करून बघा, बाहेर काळा दाट धूर असेल तर दार लावा, एसी बंद, ओले टॉवेल फटीत कोंबा, १०१ किंवा ११२ ला फोन करून मजला नि खोली नंबर सांगा आणि खिडकीत चादर हलवत राहा.

रेवा_नाशिक: आणि आईचं काय? वाकून चालली तर चालेल?

निवृत्त_फायरवाला: धूर छताजवळच असेल तर वाकून चालेल. कमरेपर्यंत उतरला असेल तर नाही, मग तिच्यासोबत खोलीतच थांबलेलं बरं. म्हणून खाली, शक्यतो पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरची आणि उघडणारी खिडकी असलेली खोली मागा.

सदू_पुणेकर: खिडकी सीलबंद काचेची असेल तर फोडायची का?

निवृत्त_फायरवाला: घाई करू नका, खालून धूर चढत असेल तर फोडलेली काच परत लावता येत नाही. पण खोलीतच धूर भरत चालला तर? यावर आमच्यातही दोन मतं होती.

रेवा_नाशिक: हॉटेलला फोन करून विचारते, खिडकी उघडते का आणि जिने किती आहेत.