शब्दचर्चा : विषू, बिहू, सोंगक्रान आणि मेषसंक्रांत

पळसपान
केरळचा विषू, ओडिशाची महाविषुव संक्रांती, मंगळुरूकडच्या तुळू लोकांचा बिसु, या सगळ्यांत 'विषुव' हा एकच शब्द दिसतो. मराठीत आपण विषुवदिन म्हणतो तो २०-२१ मार्चचा. मग हे सण १४ एप्रिलच्या आसपास का? आणि तमिळ पुथांडू, बंगालचा पोयला बैशाख, पंजाबची वैशाखी, थायलंडचा सोंगक्रान या सगळ्यांना मिळून मराठीत एक नेमका शब्द कोणता वापरावा? 'विषुवदिनाचे सण' म्हटलं तर चालेल का?

रानजाई
चालेल की. विषुव म्हणजे दिवस-रात्र समान. सूर्य मेषेत शिरतो तेव्हा तो विषुववृत्तावर असतो, म्हणून ही नावं पडली. मेषेचा आरंभबिंदू आणि वसंतसंपात एकच, असं शाळेच्या भूगोलातही होतं.

तिथीमित्र
रानजाई, नावामागचं कारण तुम्ही बरोबर सांगितलंत, पण आजच्या आकाशाला ते लागू पडत नाही. १४ एप्रिलला मुंबईत दिवस साडेबारा तासांहून मोठा असतो. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या नऊ अंशांहून जास्त उत्तरेला गेलेला असतो. केरळात आलप्पुळा साधारण त्याच अक्षांशावर आहे, त्यामुळे विषूच्या दिवशी दुपारी तिथे उभ्या काठीची सावली जवळजवळ तिच्या बुंध्याशीच पडते. सूर्य विषुववृत्तावर असता, तर असं झालं नसतं.

घोळ 'मेष' या शब्दात आहे, कारण मेष दोन आहेत. सायन मेष वसंतसंपातापासून मोजतात, म्हणून सूर्य तिच्यात मार्चच्या २०-२१ तारखेला शिरतो. भूगोलाच्या पुस्तकात असते ती ही. निरयन मेष ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतात, आणि आपली पंचांगं तीच धरतात. संपातबिंदू ताऱ्यांमधून साधारण ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. त्यामुळे या दोन मेषांच्या आरंभात आज २४ अंशांहून थोडं जास्त अंतर पडलं आहे. सूर्य रोज जवळपास एक अंश चालतो, म्हणजे हे अंतर कापायला त्याला २४-२५ दिवस लागतात. २० मार्चमध्ये तेवढे दिवस मिळवले की १४ एप्रिल येतो.

हल्लीची बहुतेक पंचांगं चित्रा तारा १८० अंशांवर धरतात, याला चित्रापक्ष किंवा लाहिरी म्हणतात. त्या हिशेबाने हे दोन आरंभबिंदू इसवी सन २८५ च्या सुमारास एकत्र होते. म्हणजे नावं रुळली तेव्हा ती खरी होती. पुढे सणाने ताऱ्यांची साथ धरली आणि विषुवदिन ऋतूंबरोबर राहिला. म्हणून आजच्या मराठीत 'विषुवदिनाचे सण' लिहू नये. वाचणारा थेट मार्चमध्ये जाईल. 'मेषसंक्रांतीची नववर्षं' म्हणा, आणि पहिल्यांदा लिहिताना 'निरयन' जोडा.

कडुलिंब
संक्रांत तर मराठीत वाईटच अर्थाने वापरतात ना? 'नोकरीवर संक्रांत आली' म्हणतो आपण. नववर्षाला तो शब्द शोभणार नाही. शिवाय आपलं नववर्ष गुढीपाडवा, त्याचा मेषेशी काय संबंध?

तिथीमित्र
संक्रांत म्हणजे सूर्याने एका राशीतून दुसरीत जाणं. वर्षात बारा असतात. आपण मकरेचीच मोठी करतो, म्हणून नुसतं 'संक्रांत' म्हटलं की तिळगूळ आठवतो. वाईट अर्थ वाक्प्रचारापुरता आहे, पंचांगातल्या शब्दाला तो चिकटलेला नाही. थाई भाषेतला सोंगक्रान हा याच संस्कृत शब्दाचा तिथला उच्चार आहे, म्यानमारचा थिंज्यानही त्याच घरातला.

गुढीपाडव्याचा संबंध मात्र आहे, फक्त एका पायरीने लांबचा. ज्या अमान्त चांद्रमासात मेषसंक्रांत पडते त्याला चैत्र म्हणायचं, असा नियम आहे. ज्या मासात एकही संक्रांत पडत नाही तो अधिक. २०२३ मध्ये पाडवा २२ मार्चला होता, २०२४ मध्ये ९ एप्रिलला, २०२५ मध्ये ३० मार्चला. तारखा एवढ्या इकडेतिकडे झाल्या, तरी तिन्ही वर्षी सूर्याने मेष गाठली ती चैत्रातच. पाडव्याचा दिवस चंद्र ठरवतो, चैत्राची जागा मेषसंक्रांत ठरवते.

पळसपान
हे पटलं. पण एकाच क्षणावर सगळे अवलंबून असतील तर तारखा का जुळत नाहीत? २०२३ मध्ये तमिळनाडूत १४ एप्रिल आणि केरळ-बंगालात १५ एप्रिल होता.

सुपारीबाग
हे उदाहरण चांगलं आहे, कारण त्या एका वर्षात प्रांतोप्रांतीचे नियम उघडे पडतात. सूर्याने राशीची सीमा ओलांडण्याचा क्षण सगळ्यांना सारखाच. त्या वर्षी तो १४ एप्रिलला दुपारी तीनच्या सुमारास होता. फरक पडतो तो या क्षणावरून महिन्याचा पहिला दिवस कोणता धरायचा यात.

ओडिशात संक्रांतीचा दिवस तोच पहिला, म्हणून १४. तमिळनाडूत सूर्यास्ताच्या आत संक्रांत झाली तर तोच दिवस, नाहीतर दुसरा. तीन वाजता सूर्य वरच होता, म्हणून पुथांडूही १४ ला. केरळात मर्यादा अलीकडची आहे. सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे पाच भाग करून तिसरा भाग संपण्याआधी, म्हणजे साधारण दुपारी सव्वा-दीडच्या आत संक्रांत व्हावी लागते. तीन म्हणजे उशीर, म्हणून मेडम महिना १५ ला लागला. विषूच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. विषुक्कणी, म्हणजे विषूचं पहिलं शुभदर्शन, पहाटे घ्यायचं असतं, त्यामुळे संक्रांत सकाळी नऊला झाली तर महिना त्याच दिवशी लागतो, पण कणी दुसऱ्या पहाटेची. 'मेडम १ म्हणजे विषू' असं डोळे मिटून लिहिणारे इथेच चुकतात.

बंगालात सीमा मध्यरात्रीची. ज्या तारखेला संक्रांत पडली ती तिथल्या सौर चैत्राची अखेर, वैशाख दुसऱ्या दिवशी. २०२३ चा पोयला बैशाख म्हणून १५ ला. आता २०२४ लावून बघा. संक्रांत १३ एप्रिलला रात्री सव्वानऊच्या सुमारास होती. सूर्यास्त उलटला होता, म्हणून तमिळनाडू १४, केरळ १४. मध्यरात्र उलटली नव्हती, म्हणून बंगालही १४. क्षण सहा तासांनी पुढे सरकला आणि तिघे एका तारखेवर आले. दर वर्षी तो सुमारे सहा तास नऊ मिनिटं पुढे जातो आणि लीप वर्षाचा दिवस त्याला मागे आणतो, म्हणून जुळणं-फिसकटणं चार वर्षांच्या फेऱ्यात चालतं.

आसामात दोन्ही दिवस साजरे होतात. चैत्राच्या अखेरच्या दिवशी गोरू बिहू, गुरांना नदीवर नेऊन न्हाऊ घालायचं. दुसऱ्या दिवशी मानुह बिहू. संक्रांत हा वर्षाचा शेवट की आरंभ, हा प्रश्नच तिथे उरत नाही.

रानजाई
बिहू हा शब्दही विषुवपासूनच ना?

सुपारीबाग
तसं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, आणि 'ष'चा 'ह' होणं असमियात नेहमीचं आहे. पण तो शब्द बोडो-डिमासा गटातल्या भाषांतून आला असं मानणारेही आहेत, कारण बिहूचं बरंचसं रूप त्या लोकांच्या शेतीच्या सणाशी जुळतं. नाव एकीकडचं आणि सण दुसरीकडचा, असंही असू शकतं. 'विषुव > बिहू' असं ठाम लिहू नये, एवढंच मी म्हणेन.

सातासमुद्रापार
माझा प्रश्न जरा वेगळा आहे. आम्ही न्यू जर्सीत. शेजारी तमिळ, समोर बंगाली, आणि सोसायटीचं एकत्र कार्यक्रमपत्रक मी करते. २०२५ ला पुथांडू १३ लिहायचा की १४, यावर बराच वाद झाला. एका ॲपने १३ दाखवला, दुसऱ्याने १४, आणि तिसऱ्याने सूर्य २० मार्चलाच मेषेत घातला.

तिथीमित्र
तिसऱ्या ॲपमध्ये सायन राशी निवडलेली असणार. सेटिंगमध्ये निरयन, लाहिरी किंवा चित्रापक्ष असं काही निवडलं की ते एप्रिलवर येईल. पहिल्या दोघांचं भांडण खरं आहे. २०२५ ची संक्रांत भारतीय वेळेने १४ एप्रिलला पहाटे साडेतीनच्या सुमारास झाली. तेव्हा तुमच्याकडे १३ एप्रिलच्या संध्याकाळचे सहा वाजले होते आणि सूर्य मावळायला दीड तास होता. तमिळ नियम तुमच्या सूर्यास्ताला लावला तर १३ येतो, चेन्नईला लावला तर १४. पहिलं ॲप स्थानिक वेळ धरतं, दुसरं भारताची तारीख उचलतं. परदेशातली मंडळं बहुधा भारताची तारीख किंवा जवळचा रविवार घेतात. नियम जिथे राहतो तिथलाच लावावा असं माझं मत, पण त्यावर सगळे एकमत नाहीत.

बंगाली शेजाऱ्यांना मात्र आधी विचारा, ते कोलकात्याचे की ढाक्याचे. बांगलादेशात सुधारित दिनदर्शिकेने पोयला बैशाख १४ एप्रिलला कायम बांधला आहे. पश्चिम बंगालात तो अजून संक्रांतीवरून काढतात, म्हणून बहुधा १५, कधी १४.

कडुलिंब
मग कायमची तारीख बांधून टाकणं सोपं नाही का? सरकारनेही राष्ट्रीय दिनदर्शिका केलीच आहे.

सुपारीबाग
ती २२ मार्च १९५७ पासून लागू आहे, मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या शिफारशीवरून. तिने वर्षारंभ खऱ्या विषुवदिनाशेजारी आणला, पण सण तिकडे गेले नाहीत. लोकांनी ताऱ्यांचीच मेष धरून ठेवली. बांधलेल्या तारखेची अडचण अशी की निरयन वर्ष ऋतुवर्षापेक्षा २० मिनिटांनी मोठं आहे, त्यामुळे संक्रांत सुमारे ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकते. खालसाची स्थापना १६९९ च्या वैशाखीची. ती तेव्हाच्या ज्युलियन मोजणीने २९-३० मार्च, म्हणजे आजच्या मोजणीने ८-९ एप्रिल. १९१९ मध्ये जालियनवाला बागेत लोक वैशाखीला जमले ती तारीख १३ एप्रिल. आता १४ कडे झुकली आहे. नानकशाही दिनदर्शिकेने २००३ मध्ये १४ एप्रिल पक्की केली, तेव्हा ही वाढ थांबली, पण आकाशातल्या संक्रांतीशी असलेला धागाही तिथेच सुटला.

तिथीमित्र
आणि 'आकाशातली संक्रांत' तरी कुठे एकच आहे? आपल्याकडे टिळक पंचांग रेवतीची तारा शून्यावर धरतं. चित्रापक्षाशी त्याचा सुमारे चार अंशांचा फरक पडतो, म्हणून त्यात मकरसंक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. त्याच हिशेबाने मेषसंक्रांतही १० एप्रिलकडे जाते. राशीच्या सीमेवर आकाशात रेघ मारलेली नाही, ती कुठे मानायची हे ठरवावं लागतं. त्यामुळे पळसपान, लेखात क्षण देणार असाल तर तो कोणत्या पक्षाने काढला हेही लिहा.

पळसपान
लिहिते. मग मथळा 'निरयन मेषसंक्रांतीची नववर्षं' असा ठेवते. 'विषुव'ची टीप बिहूला लावायची की नाही, ते अजून ठरत नाही.