मदत हवी आहे: राजीनाम्याच्या शेवटी शिफारसपत्र कसं मागावं?

वेर्ण्याच्या औषध कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. एक महिन्याची नोटीस देतोय. राजीनामा ज्या सरांच्या नावे आहे, त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. शेवटच्या ओळी अशा लिहिल्यात:

"आपल्या हाताखाली एचपीएलसी आणि ऑडिटची तयारी नीट शिकलो. आपणांस योग्य वाटल्यास या कामाविषयी शिफारसपत्र द्यावं, ही विनंती. लागणारे तपशील वेगळे पाठवतो."

अनुभवपत्र एचआर देतंच, पण त्यात पद आणि तारखांपलीकडे फारसं काही नसतं. काम कसं केलं ते सरच लिहू शकतात. "योग्य वाटल्यास" मुद्दाम ठेवलंय, म्हणजे नाही म्हणणं त्यांना जड जाणार नाही. तारीख घातली नाही, ती राजीनाम्यात हुकूम दिल्यासारखी वाटते.

अडचण एकच. राजीनामा एचआरच्या फाइलला लागतो, कॉपीतले सगळे वाचतात. तिथे विनंती दिसली की सर लेटरहेडसाठी एचआरला विचारत बसतील, आणि हाती येईल तो ठरावीक मसुदा.

मग ही ओळ काढून, राजीनामा मंजूर झाल्यावर सरांना वेगळा मेल करू? की आधी केबिनमध्ये तोंडी विचारून ओळ राहू देऊ? अशी पत्रं ज्यांनी स्वतः दिलीत, त्यांनी कृपया सांगा.