‘ओटीपी येत नाही’ हे कुठल्या भाषेत लिहिलं म्हणजे कळेल?

डेडलाइनराव

आमच्या टीममध्ये सॉफ्टवेअरच्या तक्रारींच्या तिकिटांची नुसती खिचडी व्हायची. ‘login hot nahi’, ‘रिपोर्ट दिसेना’, ‘pls bagha urgent’. शेवटी नियम केला: शीर्षक आणि डिस्क्रिप्शन दोन्ही इंग्रजीत, मराठी शब्द दिसला की तिकीट परत. महिनाभरात सगळं सुतासारखं सरळ. चार ओळी इंग्रजी लिहिता येत नसतील तर या धंद्यात यावंच कशाला?

हेल्पडेस्कवाली

शेवटचं वाक्य नसतं तर मी गुपचूप पुढे गेले असते. आता ऐका.

मी सहा वर्षं पतसंस्थांच्या एका ॲपचा हेल्पडेस्क बघते. फोन बीडचे, सांगोल्याचे, गडहिंग्लजचे. आमच्याकडेही असाच फतवा निघाला होता. त्याच आठवड्यात एका बाईंचा फोन आला, “मेसेजच पडंना बघा.” आमच्या नव्या पोराने फतवा पाळून तिकीट टाकलं:

```
OTP not coming urgent
```

झालं की इंग्रजी! डेव्हलपरला काय कळलं? ‘ओटीपी येत नाही’मधून कळलं असतं तेवढंच. आपण ‘येत नाही’ चार वेगळ्या गोष्टींना म्हणतो. एसएमएस निघालाच नाही. निघाला पण फोनवर पोचला नाही. पोचला, पण दहा मिनिटांनी. किंवा वेळेत पोचला, माणसाने टाकला आणि ॲपने चुकीचा म्हणून नाकारला. या चार दुखण्यांचे वैद्य वेगवेगळे. आमच्या डेव्हलपरने स्वतःच्या फोनवर बघितलं, ओटीपी आला, `Cannot Reproduce` करून मोकळा झाला. तिकीट तीनदा उघडलं, तीनदा बंद झालं. मधल्या पाच दिवसांत तसलीच आणखी अकरा तिकिटं पडली, अकरांची अकरा शीर्षकं.

मग मी त्या बाईंना परत फोन लावला. म्हटलं, मावशी, स्क्रीनवर काय लिहून आलंय ते अक्षर न् अक्षर वाचा. त्यांनी वाचलं, “ओटीपी पाठवला आहे.” मराठीत! म्हणजे त्यांच्या ॲपची भाषा मराठी होती आणि आमच्या डेव्हलपरची इंग्रजी. त्यांना भाषा बदलायला लावली तर पाच सेकंदांत मेसेज पडला. मग मी नवं तिकीट लिहिलं:

```
Login: OTP SMS not received when app language = Marathi (English OK), from v4.2

पायऱ्या: भाषा मराठी > Login > मोबाईल नंबर > "ओटीपी पाठवा"
स्क्रीनवर: "ओटीपी पाठवला आहे"
फोनवर: १५ मिनिटं थांबून SMS नाही
तपासलं: Android व iPhone, दोन कंपन्यांची सिम, सगळीकडे तेच
ग्राहकाचे शब्द: "मेसेजच पडंना"
```

चाळीस मिनिटांत दुखणं सापडलं. निम्म्याहून जास्त मराठी आहे, कुणाचंही अडलं नाही. तुमच्याकडे एका महिन्यात सगळं सरळ झालं म्हणता, ते तिकिटं परत जायच्या भीतीने लोकांनी टाकायचीच बंद केली म्हणून तर नाही ना?

रिबेस_मास्तर

ताई, गोष्ट छान आहे, पण सर्चचं काय? ‘nahi’, ‘naahi’, ‘nahee’, ‘nai’, एका शब्दाची चार स्पेलिंगं. तुमची अकरा तिकिटं एकमेकांना जुळली नाहीत ती यामुळेच. आणि देवनागरीत सर्च चालतच नाही, त्यामुळे इंग्रजीला पर्याय नाही. आमच्या अॅपच्या बोर्डावर आम्ही हेच करतो.

हेल्पडेस्कवाली

रोमन मराठीबद्दल शंभर टक्के मान्य. ती ना धड ह्या लिपीत ना त्या. माझ्या टीममध्ये बंदी असेल तर तेवढ्यावरच आहे.

पण देवनागरीत सर्च चालतं हो. अडतं ते आपल्या प्रत्ययांपाशी. ‘रिपोर्ट’ शोधलं तर ‘रिपोर्टमध्ये’, ‘रिपोर्टचा’ ही तिकिटं हुकतात, कारण सर्चच्या लेखी ते वेगळे शब्द. आम्ही तिकिटांच्या जिरा सॉफ्टवेअरमध्ये `रिपोर्ट*` असा तारा लावून शोधतो. आणि खरं सांगायचं तर याच कारणासाठी मी शीर्षकाची सुरुवात स्क्रीनच्या नावाने करते, ॲपमध्ये दिसतं तसंच, प्रत्यय न लावता. `Login:` म्हणजे `Login:`. ‘लॉगिनला’ नाही आणि ‘साइन इन’ तर नाहीच. त्या अकरा तिकिटांत ‘लॉगिन’, ‘साइन इन’, ‘एन्ट्री’ आणि एकात चक्क ‘आत जाता येत नाही’ असं होतं. इंग्रजीतली तरी कुठे जुळली?

इंदूरी_पोहे

मी मूळचा इंदूरचा, पुण्यात नऊ वर्षं झाली, मराठी इथेच शिकलो. चूक दिसली तर सांभाळून घ्या.

नवीन होतो तेव्हा मला एक तिकीट आलं:

```
kal pasun payment band
```

‘पासून’ म्हणजे ‘से’ एवढं येत होतं. ‘kal’ मी आपल्या घरच्या ‘कल’सारखं वाचलं, आणि आमच्यात तो कालही असतो आणि उद्याही. मला वाटलं, उद्यापासून पेमेंट बंद ठेवायचं आहे, काही तरी मेंटेनन्स असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी इमानदारीत पेमेंटचा स्विच बंद केला. ज्याचं पेमेंट आदल्या दिवसापासून बंद पडलं होतं तो एकच ग्राहक होता. माझ्यानंतर सगळ्यांचंच पडलं.

डेडलाइनराव

घ्या! याहून मोठा पुरावा काय हवा? ‘Payment failing since yesterday’ लिहिलं असतं तर हे झालं असतं का?

इंदूरी_पोहे

नसतं झालं. पण ते तिकीट मी तीन दिवसांनी उघडलं असतं तर ‘yesterday’ कुठला? तारीख आणि वेळ लिहिली असती तरी झालं नसतं, भाषा कुठलीही असो. आणि सर, तुम्ही मराठी लोक ‘परवा’ दोन्हीकडे वापरता, त्याचं काय? ‘परवाच्या रिलीजमध्ये’ म्हणजे होऊन गेलेल्या की येणाऱ्या? मी अजून विचारूनच घेतो.

अनुस्वार

मघापासून बघतोय. हेल्पडेस्कवाली ‘ॲप’ लिहितात, रिबेस_मास्तर ‘अॅप’ लिहितात. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर आहे, ‘अ’वर चंद्र चिकटवून बनवायचं नसतं. मराठी वापरायची तर नीट वापरा, नाहीतर डेडलाइनराव म्हणतात ते बरं.

रिबेस_मास्तर

आले! धागा तिकिटांचा, हे निघाले चंद्र मोजायला. दोन्ही डोळ्यांना सारखंच दिसतं साहेब. कुणाचं काय अडतं?

अनुस्वार

तुम्हाला सारखं दिसतं म्हणून सारखं होत नाही. शिकलेली माणसं असं बोलायला लागली की कीव येते.

रिबेस_मास्तर

कीव तुमच्यापाशी ठेवा. वीस वर्षं कोड लिहितोय, ‘ॲ’मुळे प्रॉडक्शन पडलेलं ऐकलं नाही.

हेल्पडेस्कवाली

थांबा थांबा, मला हसू आवरेना. आमच्या ओटीपीचं दुखणं नेमकं हेच होतं. वर मुद्दाम लिहिलं नव्हतं, विषयांतर होईल म्हणून. आता झालंच आहे तर सांगते.

४.२ मध्ये मराठी एसएमएसचा मजकूर कुणीतरी नव्याने टाइप केला. शब्द तेच, कीबोर्ड दुसरा. टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी यादीत आधी नोंदवलेल्या मजकुराशी पाठवलेला जुळला नाही की एसएमएस वाटेतच गाळला जातो. आमच्या सर्व्हरला गेटवेकडून ‘घेतला’ असं उत्तर मिळायचं, म्हणून स्क्रीनवर ‘पाठवला आहे’. पुढचा डिलिव्हरी रिपोर्ट कुणी उघडतच नव्हतं. इंग्रजी मजकुराला हात लागला नव्हता, म्हणून इंग्रजीवाल्यांचं सुरळीत. ‘language = Marathi’ वाचल्यावर डेव्हलपरने दोन्ही मजकूर शेजारी ठेवले, काही फरक दिसेना. मग कोड पॉइंट काढले:

```
नोंदवलेला  ॲप  U+0972 U+092A
पाठवलेला  अॅप  U+0905 U+0945 U+092A
```

रिबेस_मास्तर

…बरं. पडलं प्रॉडक्शन. पण मग तुलना करायच्या आधी दोन्हीकडे एनएफसी नॉर्मलायझेशन लावून अक्षरांची रूपं एक करा, विषय संपला.

अनुस्वार

नाही संपत. ‘र’खाली नुक्ता देऊन केलेला ‘ऱ’ आणि एकसंध ‘ऱ’ हे एनएफसीने एक होतात. ‘ॲ’ आणि ‘अॅ’ होत नाहीत, युनिकोडच्या लेखी त्यांचं नातंच नाही. तसंच ‘पायऱ्या’मधला अर्धा ‘ऱ’ आणि शून्य रुंदीचा जोडक घालून लिहिलेला ‘र्‍य’. दिसायला जुळे, सर्चला परके. ताईंच्या नमुन्यातलं ‘पायऱ्या’ हेच लेबल दोन जणांनी दोन तऱ्हेने टाइप केलं तर एकाचं दुसऱ्याला सापडणार नाही.

रिबेस_मास्तर

हे माहीत नव्हतं. पण मग माझंच म्हणणं सिद्ध झालं की! शोधायची गोष्ट देवनागरीत ठेवूच नका.

हेल्पडेस्कवाली

शीर्षकापुरतं मानते, नाइलाजाने. म्हणून तर माझं शीर्षक इंग्रजीत होतं, तेवढं तरी बघायचं. पण स्क्रीनवरचा मराठी मजकूर आणि ग्राहकाचे शब्द हे मूळ आहे तसेच, भाषांतर न करता. आमच्या पोराने ‘ओटीपी पाठवला आहे’ याचं ‘OTP sent message shown’ केलं असतं, तर ॲप मराठीत होतं हेच पुसलं गेलं असतं.

डेडलाइनराव

ठीक. लोकांची इच्छाच असेल तर स्क्रीनवरचा मजकूर मूळ भाषेत ठेवायला माझी हरकत नाही, उपकार समजा. डिस्क्रिप्शन मात्र इंग्रजीतच. माझे तीन टेस्टर चेन्नईत बसतात. त्यांना ‘मेसेज पडंना’ कोण समजावणार?

हेल्पडेस्कवाली

चेन्नईचं आधी सांगायचं होतं ना! ‘या धंद्यात यावं कशाला’ यापेक्षा ते कारण बरं होतं. तिथे इंग्रजी ठेवा, माझं भांडण नाही. पण मग ‘urgent’वाली तिकिटं परत करा, मराठीवाली नव्हे.

डेडलाइनराव

‘urgent’ माझे साहेबच लिहितात.

इंदूरी_पोहे

ताई, एक विचारू? ‘पडंना’ म्हणजे मेसेज आला नाही, की आला पण कुठे तरी पडला नाही?

हेल्पडेस्कवाली

आला नाही. पण तुमची शंका रास्त आहे, मावशींनाच विचारून घ्यायला हवं होतं.