मदत हवी आहे: शॉर्ट पर्पेच्युअलचं फंडिंग उलटलं, हेज ठेवू की बदलू?

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २ इथर स्पॉटमध्ये आहेत. ते विकले तर नफ्यावर ३० टक्के कर आणि वर १ टक्का टीडीएस, म्हणून विकायचे नाहीत. भाव पडण्याच्या भीतीने तेवढ्याच २ इथरचा पर्पेच्युअल शॉर्ट केलाय.

फंडिंग पॉझिटिव्ह होतं तोवर लाँगवाले मला पैसे देत होते. आता ते उणे ०.०१ टक्के झालंय, म्हणजे देणारा मी. इथर ३,००० डॉलर धरला तर ६,००० डॉलरवर दर ८ तासांनी ६० सेंट, महिन्याला साधारण ५४ डॉलर. हे मार्जिनवर नाही, पूर्ण पोझिशनवर लागतं, त्यामुळे लिव्हरेज कमी करून काहीच वाचत नाही.

तिमाही फ्युचरमध्ये फंडिंग नसतं, पण तो स्पॉटपेक्षा स्वस्त चालू असेल तर तिथे शॉर्ट करताना तोच खर्च एकरकमी बसतो ना? निम्मा हेज काढला तर फंडिंग निम्मं होईल, पण १ इथर उघडा पडेल. असं फंडिंग आठवडाभर टिकलं तर तुम्ही कशाच्या आधारावर ठरवता? आणि भाव वर गेल्यावर शॉर्टचं मार्जिन भरायला किती रोकड बाजूला ठेवता?